अबोल मुलीचं प्रगतिपत्रक

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रगतिपत्रक घरी येतं. त्यातल्या गुणांकडे आणि श्रेणीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. आज बोलायचं आहे ते त्याखालच्या दोन-तीन ओळींबद्दल, म्हणजे शिक्षकांच्या वर्णनात्मक नोंदींबद्दल. महाराष्ट्रात 2010 साली पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि शिक्षकांना या नोंदी प्रत्येक मुलासाठी लिहाव्या लागू लागल्या. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, असे त्यांचे रकाने. पन्नास-साठ मुलांचे रकाने भरायचे म्हटल्यावर ठरावीक वाक्यं हाताशी येतात. वर्गात न बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला त्यातलं एक हमखास येतं : 'अबोल आहे. वर्गात सहभाग घेत नाही.'

पाचवीतल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. तिच्या प्रगतिपत्रकावर हेच वाक्य होतं. घरी परिणाम काय झाला? वडिलांनी तिला पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभं करायला सुरुवात केली! मुलगी आणखीच मिटली. वडिलांचा तरी काय दोष? पोर बोलत नाही, एवढंच त्या नोंदीनं त्यांना सांगितलं होतं.

आता तिची वही पाहा. प्रश्न साधा होता, वाऱ्यावर कपडे लवकर का वाळतात? तिनं लिहिलं, ओल्या कपड्याजवळची हवा दमट होते, वारा ती हवा दूर नेतो आणि कोरडी हवा आणतो. इथपर्यंत वर्गात शिकवलेलं होतं. पुढचं वाक्य तिचं स्वतःचं : 'पावसाळ्यात वारा असूनही कपडे वाळत नाहीत, कारण येणारी हवापण दमटच असते.' पाठ केलेलं उत्तर आणि समजलेलं उत्तर यातला फरक इथे दिसतो. समजलेलं मूल कारण उचलून दुसऱ्या ठिकाणी लावून बघतं. हे तिच्या प्रगतिपत्रकात कुठेच नव्हतं.

शिक्षिकेनं मग आठवडाभर एवढंच टिपलं, की ही मुलगी कुणाशी, कुठे बोलते. मधल्या सुट्टीत मैत्रिणीशी भरपूर बोलत होती. चौघींच्या गटात हळू आवाजात बोलत होती. बाईंच्या टेबलाजवळ विचारलं तर उत्तर देत होती. पूर्ण वर्गासमोर मात्र गप्प. हे टिपण फार महत्त्वाचं, कारण न बोलण्याची कारणं वेगवेगळी असतात. मूल प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लावत असेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी कान तपासावेत. घरी पावरी किंवा कोलामी बोलणारं मूल प्रमाण मराठी बोलताना अडखळतं, त्याला अबोल म्हणणं चूकच. आणि घरी मोकळेपणानं बोलणारं मूल शाळेत महिनोन्‌महिने कुणाशीच, अगदी मित्रांशीही बोलत नसेल, तर तो निव्वळ लाजाळूपणा नसू शकतो. तिथे बालमानसतज्ज्ञाला दाखवावं. या मुलीच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

बाईंनी नोंद बदलली ती अशी : 'लिहिताना कारण देते व ते नव्या उदाहरणाला लावून पाहते (कपडे वाळण्याचे उत्तर). मैत्रिणीशी व लहान गटात बोलते. पूर्ण वर्गासमोर अद्याप बोलत नाही. पुढील सत्रात स्वतः लिहिलेले उत्तर आधी गटात, नंतर वर्गात वाचून दाखवील.'

'अबोल' हा शब्द यात नाही, आणि न बोलणं लपवलेलंही नाही. ते लपवू नयेच. तोंडीकाम हे मूल्यमापनाचं एक तंत्र आहे. लेखी चांगलं म्हणून तिथली श्रेणी उदारपणे वाढवली, तर मुलीला मदत मिळायची राहून जाते. तोंडी प्रश्न टेबलाजवळ विचारता येतात, ती सवलत नव्हे. तिला किती कळलंय, हे तिथे खरं समजतं. 'वाचून दाखवील' हेही विचारपूर्वक लिहिलेलं आहे. हातात स्वतःचा कागद असला, की काय बोलू ही धास्ती उरत नाही, फक्त आवाज काढायचा उरतो.

एक गोष्ट शिक्षकांच्या हातची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. आपल्याकडे तर पहिल्या बाकावरचा हात तेवढ्यात वर गेलेला असतो.

पालकांनी पालकसभेत 'ती बोलत का नाही' असं विचारण्याऐवजी 'ती कुणाशी बोलते' असं विचारावं, आणि शक्य तर वही मागून पाहावी. या मुलीच्या दुसऱ्या सत्राच्या नोंदीत बाईंनी लिहिलं : 'गटात चार वेळा व वर्गासमोर एकदा स्वतःचे उत्तर वाचून दाखविले. आवाज लहान, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला.' वडिलांनी ती नोंद वाचली. पाहुण्यांसमोरची कविता त्याआधीच बंद झाली होती.