क्रियापदापासून मागे

नांदेड-लातूरकडच्या फिर्यादी, जबाब आणि पंचनामे मराठीत लिहिले जातात. प्रकरण अपिलात औरंगाबाद खंडपीठापुढे गेले की तेच कागद इंग्रजीत न्यावे लागतात, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. फिर्यादीतले अर्ध्या पानाचे वाक्य तिथे कसे पोहोचवायचे, एवढेच आज पाहू.

नमुन्यासाठी मी एक वाक्य रचले आहे: ‘मी शेतातून घरी येत असताना आरोपीने मला रस्त्यात अडवून, शिवीगाळ करून, काठीने डाव्या हातावर मारून जखमी केले व जिवे मारण्याची धमकी दिली.’

वाचायला सुरुवात शेवटाकडून करा. पूर्ण क्रियापदे दोनच, ‘केले’ आणि ‘दिली’. ती कोणाची, हे त्यांच्या रूपावरून कळत नाही. ‘दिली’ हे स्त्रीलिंगी रूप धमकीमुळे आले आहे. आरोपी पुरुष असो की बाई, ते बदलणार नाही. कर्ता दाखवतो तो ‘ने’. मात्र ‘मी मारले’, ‘आम्ही पाहिले’ यांत तोही नसतो, म्हणून तिथे जास्त जपावे लागते.

आता ‘ऊन’ची रूपे. अडवून, करून, मारून या तिन्हींचा कर्ता मुख्य क्रियापदाचाच, म्हणजे आरोपी. ‘येत असताना’चा कर्ता मात्र वेगळा, फिर्यादी स्वतः. सर्वांत जास्त चूक इथेच होते. ‘व्हाइल कमिंग होम, द ॲक्यूज्ड स्टॉप्ड मी’ असे लिहिले की घरी येणारा आरोपी ठरतो. अपिलाच्या युक्तिवादात वकिलाला तेवढे पुरते. म्हणून आधी ‘आय वॉज कमिंग होम फ्रॉम द फील्ड’ हे स्वतंत्र वाक्य. मग ‘द ॲक्यूज्ड स्टॉप्ड मी ऑन द रोड अँड अब्यूज्ड मी’. त्यानंतर ‘ही हिट मी ऑन द लेफ्ट हँड विथ अ स्टिक अँड इंजर्ड मी’. शेवटी ‘ही ऑल्सो थ्रेटन्ड टू किल मी’.

अडवणे आणि शिवीगाळ ही दोन कृत्ये आहेत, एका वाक्यात ठेवली तरी ती दोनच राहतात. मारणे आणि जखमी करणे यांत एकाच कृत्याचा परिणाम सांगितला आहे, म्हणून ती एकाच वाक्यात ठेवली. प्रत्येक ‘ऊन’ला वेगळे वाक्य दिले, तर वाचणाऱ्याला मारहाण दोनदा झाल्यासारखी वाटेल. धमकीच्या आधी ‘देन’ही घालायचे नाही. मुळात ‘व’ आहे. धमकी मारण्याआधी दिली की नंतर, हे फिर्यादीने सांगितलेले नाही.

जमिनीच्या दाव्यांत अडचण निराळी असते. ‘सदर खरेदीखत करून देण्यात आले’ या वाक्यात कर्ताच नाही. इंग्रजीला आरंभी कर्ता हवा, म्हणून अनुवादक मागच्या पानावरचे नाव उचलून बसवतो आणि खत कोणी करून दिले हा वादाचाच मुद्दा परस्पर निकालात काढतो. तिथे ‘द सेल डीड वॉज एक्झिक्यूटेड’ एवढेच लिहावे. कर्त्याची जागा खताने घेतली तरी इंग्रजी वाक्य पुरे होते, आणि मुळात जे मोघम होते ते मोघमच राहते.