दोघांच्याही रिपोर्टात ‘मायनर’ आलं तर



मागच्या सभेत एकीने विचारलं होतं, “मुलीला थॅलेसेमिया निघालाय, आता सोयरिकीत काय सांगायचं?” त्या दोघांना विचारून, नावं न घेता सांगते.

मुलीचं हिमोग्लोबिन 10.6 होतं. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढलं नाही. तिच्या लाल पेशी फार लहान होत्या, एमसीव्ही 66. तो साधारण 80 च्या वर हवा. मग एचबीए-2 ची तपासणी केली, ते 5.1 आलं. साडेतीनपर्यंत असतं तर ठीक होतं. म्हणजे ती थॅलेसेमिया मायनर, वाहक. हा आजार नव्हे. ती शेतात राबते, पुढेही राबेल. एक लक्षात ठेवा, अंगात लोह फार कमी असलं तर हा आकडा खाली येऊन फसवू शकतो. सीमेवर आला तर डॉक्टरांना विचारून पुन्हा तपासायचा.

तिच्या आईने विचारलं, “माझ्याच पोरीत खोट कशी?” मी म्हटलं, “काकू, हे आईकडून किंवा वडिलांकडून येतं, कुणी मुद्दाम देत नाही. आता मुलाचीही तपासणी करू.” तोही मायनर निघाला.

मी दोघांनाच बसवून प्रत्येकासमोर एक वाटी ठेवली, प्रत्येक वाटीत एक लाल आणि एक काळा मणी. डोळे मिटून दोघांनी एकेक मणी काढायचा. दोन्ही लाल आले तर बाळाला काहीच नाही. एक लाल, एक काळा आला तर बाळ आईबापांसारखं मायनर. दोन्ही काळे आले तर मेजर. चारात एक शक्यता.

मुलगा म्हणाला, “म्हणजे एक मूल आजारी झालं की पुढची तीन चांगली?” नाही हो. दर खेपेला मणी परत वाटीत जातात, शक्यता तितकीच राहते. “काही होणार नाही” असंही मी म्हटलं नाही. मेजर बाळाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि साठणारं लोह काढायला औषध जन्मभर. जुळणारा दाता मिळाला तर बोन मॅरोचं प्रत्यारोपण करता येतं.

लग्न करावं का, ते त्यांनी ठरवायचं. केलं तर गरोदरपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासता येतो. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. त्याआधी दोघांची डीएनए तपासणी हवी, म्हणून दिवस गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती आधीच करून ठेवायची. बाळ मेजर निघालं तर पुढे काय करायचं, तेही त्या दोघांनीच डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

त्या दोघांनी विचार करायला पंधरा दिवस मागितलेत. रिपोर्ट त्यांच्याच हातात आहेत. सासूबाईंना सांगायचं का, हे मी त्यांनाच विचारलंय.