वटहुकूमाची चौदा वर्षे



विधिमंडळ भरलेले नसताना निकड उद्भवली, तर राज्यपालांना वटहुकूम काढता येतो. परंतु घटनेच्या २१३व्या कलमाने त्याचे आयुष्य मोजून दिले आहे. सभागृह पुन्हा भरले की तो त्यापुढे ठेवावयाचा; त्याचा कायदा न झाल्यास सहा आठवड्यांनी तो संपतो.

बिहार सरकारने यातून पळवाट काढली. अधिवेशन उरकावयाचे आणि मुदत संपण्यापूर्वी तोच वटहुकूम पुन्हा काढावयाचा! १९६७ ते १९८१ या काळात तेथे २५६ वटहुकूम निघाले. उसाच्या खरेदीविषयीचा एक तर जवळजवळ चौदा वर्षे जिवंत ठेवला गेला. तेवढी वर्षे सभागृहाने संमत न केलेला कायदा ऊस पिकविणाऱ्यांवर चालला.

पुण्याच्या गोखले संस्थेतील संशोधक डी. सी. वाधवा यांनी हा प्रकार शोधून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ही रीत घटनेची वंचना ठरविली. मात्र अधिवेशनात कामाच्या गर्दीमुळे वेळच न उरल्यास अपवाद चालेल, एवढी फट राहिली. २०१७ साली सात न्यायाधीशांच्या पीठाला हेच पुन्हा बजवावे लागले, आणि तोही खटला बिहारचाच!

म्हणून वटहुकूम निघाला की त्याची तारीख टिपून ठेवा, आणि अधिवेशन भरताच आपल्या आमदाराला विचारा: तो सभागृहापुढे आला काय?