ड्रॉवरमागची वायर

मी इंदूरला नेटवर्कची कामं करतो. एका बँकेच्या शाखेतली गोष्ट सांगतो. बँकेचं नाव राहू द्या.

तक्रार अशी होती की नेट मध्येच जातं आणि अर्ध्या मिनिटात परत येतं. महिन्याच्या सुरुवातीला, पेन्शनवाल्यांची रांग लागली की हमखास. माझ्याआधी दोघं येऊन गेले होते. राउटर बदलला, लाइनवाल्या कंपनीशी भांडण झालं. शेवटी बोट कॅशियर मॅडमकडे वळलं, की याच काहीतरी चुकीचं दाबतात. त्यांना लेखी खुलासाही मागितला होता.

मी दोन ठिकाणांहून राउटरला पिंग लावलं. लॅपटॉप रॅकमधल्या स्विचला जोडला आणि काउंटरच्या पीसीवर हे चालू ठेवलं:

```
ping -t 192.168.1.1
```

तासाभरात काउंटरवर चार वेळा `Request timed out.` आलं. लॅपटॉपवर एकदाही नाही. म्हणजे राउटर आणि रॅक ठीक होते. दोष रॅकपासून काउंटरखालच्या छोट्या स्विचपर्यंत होता, आणि तिथे होती एकच वायर. गंमत म्हणजे टेस्टर लावला तर आठही दिवे व्यवस्थित लागले! इथेच आधीचे दोघं फसले असणार.

मग मी खुर्ची ओढून नुसता बघत बसलो. एका आजोबांचे पैसे मोजून मॅडमनी कॅशचा ड्रॉवर जरा जोरात लोटला, आणि पिंग तुटलं.

ड्रॉवर बाहेर काढला. मागे वायर भिंतीला टेकून पार दुमडली होती, कागदाची घडी घालावी तशी. अशी वायर साधारण सहा मिलिमीटर जाड असते आणि तिला निदान चौपट, म्हणजे इंचभर त्रिज्येचं वळण लागतं. घडीत आतली एक तार तुटली होती. वायर स्वस्थ असली की टोकं टेकायची, धक्का बसला की सुटायची. टेस्टर लावताना ड्रॉवरला कोण कशाला हात लावतंय? आणि टोकं लगेच टेकली, तरी स्विच तो पोर्ट तपासून पुन्हा चालू करीपर्यंत अर्धं मिनिट जायचं. तेवढ्यात बँकेचं सॉफ्टवेअर बाहेर फेकायचं. पैसे खात्यातून गेले की नाही, हेच कळायचं नाही. आजोबा तिथेच उभे.

घडी सरळ करून भागत नाही, आतली तार तुटलेलीच राहते. मी नवी वायर पट्टीतून, ड्रॉवरपासून लांब, मोठं वळण देऊन नेली. मग मॅडमना म्हटलं, आता आपटा. त्यांनी वीसेक वेळा ड्रॉवर आपटला. पिंग चालूच.

मी रिपोर्ट लिहायला घेतला तर त्या म्हणाल्या, "दादा, वायरचं नीट लिहा हं."

लिहिलं. सही-शिक्क्याआधीच त्यांनी त्याची झेरॉक्स काढून पर्समध्ये ठेवली.