आंबट कालवणाला भांडं कोणतं?

अलिबाग-मुरूडकडे बांगड्याच्या कालवणात चिंच नाहीतर आमसूल पडतंच. तेच कालवण लोखंडी कढईत उकळलं, तर रस्सा काळपट होतो आणि खिळा चाटल्यासारखी चव जिभेवर रेंगाळते.

टोमॅटोच्या रश्शाचंही तसंच. त्यातलं आम्ल कढईचं लोखंड विरघळवतं. रस्सा जितका जास्त वेळ उकळेल, तितकं जास्त. त्याने सहसा अपाय होत नाही, चव मात्र बिघडते. तेलात न मुरलेल्या नव्या कढईत हे लवकर घडतं.

म्हणून कालवण मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करावं. पितळेचं पातेलं असेल, तर कल्हई शाबूत हवी. कोकमाचं आगळ लावलेले मासे मात्र लोखंडी तव्यावर खुशाल तळावेत. तिथे रस्सा नसतो आणि वेळही थोडाच लागतो. कढईत टोमॅटो परतलाच, तर भाजी शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावी.