दुधाची डिग्री आणि दोन पिढ्या

चूल आवरून, धारा काढून रेडिओजवळ बसला असाल, तर आजचा विषय तुमच्या हातातल्या किटलीपासूनच सुरू करते.

आमच्या गावात बायकांची दूध संस्था आहे. मी तिथे पाच वर्षं संचालक होते. मुख्य काम म्हणजे सकाळ-संध्याकाळ दूध घेणं, तपासणं, लिहिणं आणि टँकर आला की भरून देणं. सगळं मिळून तीन माणसांचं काम. त्यातल्या सचिव आक्का. वीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी ते केंद्र चालवलं. त्यांच्या उजव्या हातावर ॲसिडचे डाग आहेत आणि जुन्या साड्यांना बारीक भोकं. का, ते सांगते. दुसरी एक पोरगी, बी.कॉम. झालेली, संगणकावर नेमलेली. वय तेवीस. आक्कांच्या धाकट्या मुलीएवढी.

पोरगी आली त्याच महिन्यात दूध तपासायचं नवं मशीन आलं. भांडण मशीनवरून झालं असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर ते आधीच साचलेलं होतं, मशीन फक्त निमित्त झालं.

आधी आक्का कशा तपासायच्या ते ऐका. काचेच्या एका खास नळीत दहा मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर हळूच पावणेअकरा मिली दूध, मग एक मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून हलवायचं. नळी हाताला भाजते, इतकी तापते. मग ती चक्रात घालून पाच मिनिटं फिरवायची आणि गरम पाण्यात ठेवून वर आलेल्या तुपाच्या पट्टीचा आकडा वाचायचा. तो फॅट. शिवाय लॅक्टोमीटर दुधात सोडून डिग्री बघायची, आणि फॅट नि डिग्री यांच्यावरून एसएनएफ काढायचं, म्हणजे दुधातला तूप सोडून बाकीचा घट्टपणा. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून दर ठरतो, त्याच्या खाली गेलं की दर कापला जातो. हे तुम्हाला मी सांगायला नको.

ही पद्धत भरवशाची आहे, पण वेळखाऊ. आमच्याकडे ऐंशी सभासद. सकाळी सहा ते आठ ओळ लागते. चक्रात एका वेळी आठच नळ्या मावतात. मग गर्दीत काय व्हायचं? आक्का नेहमीच्या बाईचा चेहरा बघून कालचाच आकडा लिहून टाकायच्या. "हिच्या गाईला तीन पॉइंट आठच लागतं, मला पाठ आहे." त्यांना खरंच पाठ होतं. पण गाय आज काय खाऊन आली, ते चेहऱ्यावर दिसत नाही.

मशीन मिनिटभरात आकडा देतं आणि चिठ्ठी छापतं. पहिल्याच आठवड्यात काही बायकांचा फॅट वर गेला, काहींचा खाली आला. खाली आलेल्या बायका आक्कांकडे गेल्या. वर गेलेल्या पोरीकडे. गावात दोन गट पडायला एवढं पुरतं.

आणि मग पोरीने एक गोष्ट केली, जी आक्कांना आजही विसरता येत नाही. जुन्या वह्या आणि मशीनचे आकडे शेजारी ठेवून तिने आमच्या मासिक सभेत, सगळ्यांसमोर सांगितलं की आधीचे आकडे अंदाजाने लिहिलेले आहेत. त्याच्याही आधी तिने तेच दूध संघाच्या सुपरवायझरला फोनवर कळवलं होतं. आक्कांना ते त्याच्या तोंडून कळलं. आक्का सभेत एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चाव्या माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या.

मी पोरीला रागावले. तिने सरळ विचारलं, "मावशी, मी खोटं बोलले का?" खोटं नव्हतं ते. पण आक्कांना आधी एकटीला सांगता आलं असतं. ती म्हणाली, "सांगितलं होतं दोनदा. त्या म्हणाल्या, तू काल आलीस." हेही खरं निघालं. आपल्याकडे लहानाने मोठ्याला चूक दाखवायची वाटच नसते, म्हणून लहान माणूस वरच्या साहेबाची वाट धरतं, आणि मोठं माणूस दुखावतं.

चाव्या परत द्यायला मी आक्कांकडे गेले, तेव्हा त्या मानापमानाचं काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ते मशीन खोटं बोलतंय. वेशीबाहेरच्या वस्तीवरल्या बाईला साडेतीन कसं लागेल? ती गाय मी ओळखते." मला वाटलं, हट्ट आहे. पण त्यांनी एक म्हणणं मांडलं, ते मला पटलं. म्हणाल्या, "एकच दूध पहिल्यांदा आणि शेवटी लावून बघा."

म्हणून आम्ही ते केलं. सकाळी सहाला एका गाईचं दूध नीट ढवळून दोन बाटल्यांत घेतलं आणि थंड पाण्यात ठेवलं. एक बाटली लगेच मशीनला लावली, दुसरी आठ वाजता, ओळ संपल्यावर, पुन्हा हलक्या हाताने ढवळून. सहाला आलं तीन पॉइंट आठ. आठला तीन पॉइंट पाच. दूध तेच. त्याच दुधाची आक्कांनी नळी फिरवली, तीन पॉइंट आठ. म्हणजे मशीन सकाळी बरोबर आणि उशिरा चुकीचं. आणि वस्तीवरली बाई लांबून येते म्हणून रोज शेवटीच असते.

तीन पॉइंटचा फरक म्हणजे किती, हिशोब करा. आमच्या दरपत्रकात एका पॉइंटला तीस पैसे. तीन पॉइंटला नव्वद पैसे लिटरमागे. दहा लिटरला नऊ रुपये. दोन्ही वेळचे अठरा. दहा दिवसांच्या बिलात एकशे ऐंशी रुपये त्या बाईचे जात होते, आणि ते कुणी चोरले नव्हते.

कारण शोधलं तर दोन निघाली. एक, मशीनच्या आतल्या बारीक नळीत दुधाचा चिकट थर बसला होता. मध्ये मध्ये पाणी ओढून धुवायचं, काम संपल्यावर कोमट पाण्याने आणि कंपनीने दिलेल्या औषधाने साफ करायचं असतं. पोरगी रोज संध्याकाळी घाईत होती. साडेसातची शेवटची गाडी गाठायची म्हणून धुणं टाळायची. दुसरं कारण नमुना घेण्यातलं. ती किटलीच्या वरूनच पळीभर दूध घेई. अर्धा तास चालत आणलेलं दूध थोडं थांबलं की तूप वर येतं. वरून घेतलं तर जास्त, तळातून घेतलं तर कमी. फेस असला तरीही आकडा बिघडतो. म्हणजे जिचा फॅट वर गेला होता, तिचाही आकडा खराच होता असं नाही. आक्का वीस वर्षं दूध एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून मगच नमुना घेत होत्या. पोरीला हे कुणी शिकवलंच नव्हतं. मशीनवाला माणूस अर्ध्या तासात बटणं दाखवून गेला होता.

मी मुद्दाम सांगते, आक्कांच्या हाताचीही एक चूक निघाली. ताजं, गरम दूध लॅक्टोमीटरला पातळ लागतं आणि डिग्री कमी दाखवतं. तापमान बघून त्यात भर घालावी लागते. आक्का उन्हाळ्या-हिवाळ्याला एकच आकडा लिहीत. पोरीने तक्ता काढून दाखवला तेव्हा आक्का बराच वेळ तो बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हे मला आधी कुणी दिलं असतं तर."

आता वेळेचं. खरं तर हाच जास्त चिघळलेला मुद्दा होता. गाय रविवार बघत नाही. केंद्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस दोन वेळा उघडावं लागतं. आक्का स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या सकाळीही केंद्र उघडून गेल्या होत्या, आणि हे त्या अभिमानाने सांगतात. पोरीने आठवड्याची सुट्टी मागितली, तर त्यांना तो आपल्या सगळ्या वर्षांचा अपमान वाटला. पोरीचं म्हणणं, "मला पगार दोन वेळच्या कामाचा आहे, अकरापर्यंत बसायचा नाही."

अकरापर्यंत का बसावं लागायचं, ते आम्ही संचालकांनी कधी विचारलंच नव्हतं. बसून बघितलं तेव्हा कळलं. संगणकात सगळं होतंच, तरी तेच ऐंशी आकडे आक्का वहीत पुन्हा लिहायला लावायच्या. वीज गेली तर? त्यांची भीती खोटी नाही, आमच्याकडे पावसाळ्यात वीज जातेच. पण दोघींचा दीड तास त्यात जाई. दोष आमचा होता. जुनं बंद करायचं की नाही हे ठरवायला आम्ही धजलो नाही आणि त्या दोघी एकमेकींवर चिडत राहिल्या.

शेवटी असं ठरवलं. वहीत फक्त एक पान, एकूण लिटर, सरासरी फॅट आणि एसएनएफ, त्यावर दोघींची सही. सभासदाच्या कार्डावर आकडा हाताने लिहायचा, कारण छापील चिठ्ठी महिन्यात पुसट होते. नळ्या आणि हाताचं चक्र टाकायचं नाही. वीज गेली की तेच, आणि दर सोमवारी पाच सभासदांचं दूध दोन्ही पद्धतींनी तपासायचं. ते काम आक्कांचं, आणि फरक पडला तर मशीन थांबवण्याचा अधिकारही त्यांचाच. मशीन धुणं पोरीचं. धुतल्याची वेळ भिंतीवरच्या कागदावर लिहायची. आणि चूक दिसली तर आधी आक्कांना सांगायचं, दोन दिवसांत काही झालं नाही तर संचालकांना, त्यानंतर संघाला. हे कागदावर लिहून दोघींना वाचून दाखवलं.

सुट्टीसाठी तिसरी मुलगी शिकवावी लागली. तिला दोन महिने लागले आणि पगाराचा बोजा संस्थेवर पडला. त्यावर सभेत अजून कुरबूर असते. पोरीची सुट्टी गुरुवारी. आक्कांनाही मंगळवार दिलाय. पहिले चार मंगळवार त्या नऊच्या ठोक्याला केंद्रावर येऊन ओट्यावर बसल्या होत्या. पाचव्याला आल्या नाहीत, तर पोरगीच घाबरून त्यांच्या घरी बघायला गेली. आक्का झोपल्या होत्या.

तुमच्या केंद्रावर मशीन असेल, तर कधीतरी एक करून बघा. आपलं दूध ढवळून दोन वाट्यांत घ्या, आणि एक वाटी ओळीच्या सुरुवातीला, एक शेवटी लावायला सांगा. एखाद्या पॉइंटचा फरक चालतो. तीनचा आला तर विचारा, मशीन आज कधी धुतलं.