सहा लाखांच्या ऑफरमध्ये हातात किती?

समजा पुण्यात मार्केटिंग एक्झिक्युटिव्हची ऑफर आली, सीटीसी वर्षाला 6 लाख. हुरळून जाऊ नका, आधी फोड मागा. त्यात 60 हजार व्हेरिएबल, कंपनीचा पीएफचा वाटा 21,600 आणि ग्रॅच्युइटीचे 14,400 धरलेले असतील, तर महिन्याचा पगार 42 हजार उरतो. तुमचा पीएफ आणि व्यवसाय कर कापून हातात येतात साधारण 40 हजार.

म्हणून बाजारभाव काढताना त्याच शहरातल्या, तेवढ्याच अनुभवाच्या दोन-तीन जणांना सीटीसी नव्हे, फिक्स्ड किती ते विचारा.

बोलणी ऑफर हाती आल्यावर, पण होकार कळवण्याआधी करावी. तेव्हा कंपनीने तुम्हाला निवडलेलं असतं. सहीनंतर एचआरकडे फारसं काही उरत नाही.

आकडा वाढत नसेल, तर व्हेरिएबलमधले 30 हजार फिक्स्डमध्ये वळवायला सांगा. महिन्याचा पगार अडीच हजारांनी वाढतो आणि कंपनीचा खर्चही फारसा वाढत नाही. डीलरभेटी असतील तर पेट्रोलचा दर किलोमीटरमागे किती, हे विचाराच. व्हेरिएबल कोणत्या टार्गेटवर आणि कधी मिळणार, तेही ईमेलवर लेखी घ्या.